सोमवारी आलेली भाऊबीज

आश्विन वद्य एकादशी, बुधवार. सकाळी मी शंकरपाळ्यांसाठी परातीत मैदा घेतला होता, दुधात साखर विरघळत होती आणि चुलीवर कढई चढवायची तेवढी बाकी होती. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती आणि मी त्या सुट्टीचं वेळापत्रक नेहमीप्रमाणे आधीच आखून ठेवलं होतं. मंगळवारी चकल्या, बुधवारी शंकरपाळे, गुरुवारी संध्याकाळी वसुबारस. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. वेळापत्रक आखणं माझ्या हातातच बसलं होतं.

सासूबाई गोठ्यातून आल्या. परातीकडे बघून दारातच थांबल्या.

"ह्यो मैदा कशाला काढलास गो?"

"शंकरपाळे, आत्याबाई."

"आज? आज वसुबारस नाय?"

मी म्हटलं, वसुबारस उद्या. आज एकादशी आहे, बारस उद्या. आणि पुरावा म्हणून शाळेच्या पिशवीतली डायरी काढून दाखवली. महाडच्या एका दुकानदाराने शिक्षकांना वाटलेली डायरी होती. प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तिथी छापलेली. बुधवार एकादशी, गुरुवार द्वादशी, शुक्रवार त्रयोदशी, शनिवार चतुर्दशी, रविवार अमावास्या, सोमवार प्रतिपदा, मंगळवार द्वितीया. एकही तिथी गाळलेली नव्हती, एकही दोनदा आलेली नव्हती. इतकी सरळ दिवाळी मी पाहिली नव्हती.

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी डायरीकडे पाहिलंही नाही.

"बारस आज सांजच्याला लागते. गाय रानातून घरी येते ती सांजचीच ना? मग पूजा तवाच. उद्या सांजला बारस हाय कुठं? उद्या सांजला तेरस. उद्या धनतेरस."

आमच्या घरी वसुबारसेला गहू चालत नाही, दूध चालत नाही आणि कढईही चढत नाही. त्या दिवशी गाईचं दूध वासराचं. माझ्यासमोर मैद्याच्या रूपात गहूही होता आणि दूधही. मी मुकाट्याने मैदा परत डब्यात ओतला. दुधाचं काय करायचं ते विचारलं नाही. शेजारच्या मुलांना देऊन टाकलं.

हात धुताना माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. वसुबारस जर डायरीच्या एक दिवस आधी असेल, तर भाऊबीज कधी?

माझा एकच भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, महाडच्या एसटी डेपोत कंडक्टर, खोली घेऊन एकटा राहणारा. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. वडील आदल्या वर्षी भाद्रपदात गेले, म्हणून ती दिवाळी आम्ही कुणीच केली नव्हती. वर्षाच्या आत सण नाही, मग भाऊबीजही नाही. तो तेव्हा रिकाम्या हाताने येऊन रिकाम्या कपाळाने परत गेला होता. मी सहसा हळवी होत नाही, पण त्या कपाळाची मला वर्षभर आठवण होत होती. एक भाऊबीज गेली ती गेली, ही चुकू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. आणि म्हणूनच नवरात्रात तो आला तेव्हा डायरी उघडून मी त्याला ठासून सांगितलं होतं, भाऊबीज मंगळवारी, रजा मंगळवारची घे.

दिवाळीत एसटीवाल्याला रजा कुठली? त्याने एका सोबत्याशी ड्यूटी बदलून घेतली. ह्याची मंगळवारची गाडी सोबत्याकडे गेली आणि सोबत्याची सोमवारची गाडी ह्याच्या गळ्यात आली. तो खूष होता. "तो एका शब्दात हो म्हणाला, ताई. माणूस फार चांगला."

संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाली. आत्याबाईंनी वासराच्या कपाळावर कुंकू लावलं, गाईच्या पायांवर पाणी घातलं. मी निरांजन धरून उभी होते.

"आत्याबाई, भाऊबीज कधी?"

"पाडव्याच्या दिशी," त्या गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "औंदा दोगी एकाच दिशी."

"पाडवा सोमवारी. बीज मंगळवारी दिलीये डायरीत."

"मंगळवारी बीज सकाळी उठून हात-तोंड धुईपर्यंत संपते. तुझा भाव काय कोंबड्याबरोबर येनार हाय?"

माझा विश्वास बसला नाही. बसवून घ्यायचा नव्हता असंही म्हणता येईल. गुरुवारी सकाळी मी पोलादपूरला भटजींकडे गेले. आमच्या गावातून पोलादपूर वीस मिनिटांच्या चालीवर. भटजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी डायरी पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली आणि हसले.

"बाई, ही तिथी सूर्योदयाची. सूर्य उगवताना जी तिथी चालू असते ती त्या तारखेसमोर छापतात. डायरी खोटं बोलत नाही. पण ती फक्त सकाळचंच बोलते."

मग त्यांनी पंचांग काढलं. मी शाळेत बसल्यासारखं ऐकून घेतलं. तिथी म्हणजे दिवस नव्हे, एवढं मला माहीत होतं. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्राची चाल सारखी नसते. संथ असेल तर एका तिथीला सव्वीस तासही लागतात, जलद असेल तर वीस-एकवीस तासांतच संपते. त्या पंधरवड्यात चंद्र घाईत होता. रोजची तिथी आदल्या दिवसापेक्षा दीड ते अडीच तास आधी संपत होती. द्वादशी बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला लागत होती. चतुर्दशी शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी, अमावास्या शनिवारी दुपारी दीडच्या सुमाराला, प्रतिपदा रविवारी साडेअकराला, आणि द्वितीया सोमवारी सकाळी साडेनऊच्या आत. ती द्वितीया मंगळवारी सकाळी सात वाजता संपत होती.

"म्हणजे मंगळवारी सूर्योदयाला द्वितीया आहे," मी म्हटलं.

"आहे ना. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांवर तुमच्या डायरीने अख्खा दिवस द्वितीयेचा केला. पण सण सूर्योदय बघत नाहीत. प्रत्येकाची वेळ वेगळी. वसुबारस गोरजाची. धनत्रयोदशी दिवेलागणीची. नरकचतुर्दशीचं अभ्यंग पहाटेचं, चंद्र उगवताना चतुर्दशी हवी. लक्ष्मीपूजनाला दिवेलागणीला अमावास्या हवी. बलिप्रतिपदा तेवढी उगवतीची. आणि भाऊबीज दुपार कलल्यावरची. यमाने बहिणीकडे जेवायला यायचं ते दुपारचं, सकाळी चहाला नव्हे."

मी बोटांवर मोजलं. चतुर्दशी पहाटे असायला हवी ती शनिवारी पहाटे. अमावास्या संध्याकाळी असायला हवी तीही शनिवारी संध्याकाळी. म्हणजे पहिली आंघोळ आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. शुक्रवारी काहीच नाही, कारण धनत्रयोदशी गुरुवारी संध्याकाळीच उरकली आणि चतुर्दशीची पहाट अजून उजाडायची होती. रविवारीही काही नाही, उगवतीला अजून अमावास्याच. मग सोमवारी उगवतीला पाडवा आणि दुपारी भाऊबीज.

"दरवर्षी असं का होत नाही?"

"चंद्र दरवर्षी त्याच वेळी त्याच चालीने चालत नाही म्हणून. कधी अमावास्या दुपारी सुरू होते, तेव्हा आंघोळ आणि लक्ष्मीपूजन एका दिवशी. कधी संध्याकाळ उलटून गेल्यावर सुरू होते, तेव्हा दोन दिवशी. एखाद्या वर्षी प्रतिपदा सूर्योदयानंतर लागते आणि दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपते, तिला उगवतीच मिळत नाही. त्याला क्षय म्हणायचं. पण म्हणून पाडवा रद्द होतो का? ज्या दिवशी ती आहे त्या दिवशी करायचा. सण बुडत नाही, बाई. सरकतो, नाहीतर दुसऱ्याच्या खोलीत राहायला जातो."

मी उठले. भटजींनी डायरी परत देताना विचारलं, "तुमच्याकडे भिंतीवर साधं कॅलेंडर नाही का? त्यात लाल अक्षरात लिहिलेलं असतं."

होतं. स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीमागे. आत्याबाईंनी त्याच्यावर चाळण्या टांगल्या होत्या. घरी येऊन चाळण्या काढल्या. सोमवारच्या चौकोनात लाल अक्षरात पाडवा, खाली भाऊबीज. भटजींकडे जायची काहीही गरज नव्हती.

शुक्रवार भाकड दिवस. तो आत्याबाईंनी भातकापणीसाठी धरून ठेवला होता. खाचरातलं लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं होतं, उशिराचं गरवं उभं होतं. त्यांच्या मते दिवाळीत मधे असे मोकळे दिवस पडतात ते शेतकऱ्यासाठीच. मी विळा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

"आत्याबाई, मी महाडला जाऊन येते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक विळा कमी म्हणजे अर्धं खाचर मागे, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"जा. पन त्याला मंगळवारी ये म्हनू नको. तिजेला भावाला कोन ओवाळतं?"

खरं सांगायचं तर मीही तोच विचार करत निघाले होते. मंगळवारी ये, ओवाळते, कोण विचारतंय. शाळेत मुलांना मी सांगायची की तारीख माणसांनी ठरवलेली असते. मग तिथीही त्यातलीच. गाडीत बसेपर्यंत माझं हे मत ठाम होतं.

भाऊ डेपोच्या कॅन्टीनमध्ये भेटला. मला बघून त्याचा चेहरा उतरला. अशा वेळी बहीण अचानक डेपोत आली म्हणजे काहीतरी वाईटच, असं त्याला वाटलं असणार. मी आधी तेच सांगितलं, की सगळे ठीक आहेत. मग बाकीचं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग कपाळावर हात मारला.

"तरीच! तरीच म्हटलं तो लगेच हो कसा म्हणाला! त्याची बहीण खेडला. त्याला सोमवारच हवा होता, आणि मी जाऊन त्याच्या पाया पडलो, मंगळवार दे म्हणून. वर त्याला चहा पाजला!"

"परत बदलून घेता येईल?"

"तो बहिणीला सोमवारी येतो म्हणून कळवूनसुद्धा बसला. ताई, तू मास्तरीण ना? मुलांना तारखा शिकवतेस ना?"

"डायरीत होतं."

"डायरीत! अगं डेपोतल्या झाडूवाल्या मावशींनासुद्धा माहीतंय भाऊबीज सोमवारी. मीच सगळ्यांना वेड्यात काढत होतो, की आमच्या ताईने सांगितलंय मंगळवार म्हणजे मंगळवार."

 हे मला ऐकून घ्यायलाच हवं होतं. तो जरा निवळला आणि म्हणाला, "जाऊ दे. मंगळवारी येतो. तूच म्हणतेस ना नेहमी, ह्या सगळ्या तिथ्या म्हणजे भटाचा बाजार. मंगळवारी ओवाळ, मंगळवारी जेवतो, झालं."

माझ्याच तोंडचं वाक्य त्याने मला परत दिलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

"बाबांचं श्राद्ध आपण तिथीने केलं," मी म्हटलं. "तूच बसला होतास. तारखेने करू म्हटलं असतं तर केलं असतंस?"

त्याने चहाचा पेला फिरवला. 

"मग गेलेल्याचं तिथीने आणि असलेल्याचं तारखेने, असं मला नको आहे. सोमवारी तुझी गाडी कुठली?"

सोमवारी सकाळची महाबळेश्वर. महाडहून सकाळी निघून पोलादपूर स्टँडवर पावणेनऊला, तिथून आंबेनळी घाट चढून वर, आणि दुपारी उतरताना पुन्हा पोलादपूरला पावणेतीन. महाडला पोचला की लगेच पाचाडची मुक्कामी गाडी. म्हणजे रात्रीही तो सुटत नव्हता.

"पावणेनऊला स्टँडवर ताट घेऊन येते," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. सोमवारी पावणेनऊला अजून प्रतिपदा. द्वितीया लागेपर्यंत गाडी घाटात.

"काय झालं?"

"सकाळी नाही. उतरताना. पावणेतीनला. गाडी किती वेळ थांबते?"

"दहा मिनिटं. पण त्या दिवशी गर्दी बघ किती असेल. अख्ख्या तालुक्याच्या बहिणी माझ्या गाडीत असतील. ड्रायव्हर काका दहाची पाच करतील, एवढे तापट आहेत ते."

"मला पाच पुरतात."

तो हसला. "ताई, तू स्टँडवर मला ओवाळणार? खाकीत? लोक तिकिटं मागायचे सोडून बघत बसतील."

"बघू दे."

शनिवारी पहाटे अंधारात सगळ्यांच्या आंघोळ्या झाल्या. चंद्राची बारीक कोर पूर्वेला वर आली होती. नवऱ्याने अंगणात पायाच्या अंगठ्याने कारिट फोडलं आणि जिभेला लावून नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. नव्या भाताचे पोहे झाले. त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. एकाच दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत चूल विझली नाही, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी काहीच नाही. रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून शुक्रवारचं राहिलेलं अर्धं खाचर कापलं. आत्याबाई कापता कापता म्हणाल्या, "बघ, सनानं आपला दिवस परत दिला."

तेव्हा मी त्यांना विचारलं, की तुम्हाला पंचांग वाचता येत नाही, मग वसुबारस सांजची, भाऊबीज सोमवारची, हे कळतं कसं?

त्यांचं माहेर दासगावकडचं, सावित्रीच्या खाडीवरचं. "भरती रोज एकाच टायमाला येते काय गो?" त्या म्हणाल्या. "रोज घडीभर मागं सरते. ज्याला होडी काढायची त्यानं पानी कवा येतं ते बघायचं. वार बघून होडी पान्यात जात नाय. चंद्र बघायचा, पानी कळतं. पानी कळलं की तिथी कळते." बापाने लहानपणी शिकवलेलं होतं. भावांनाही शिकवलं होतं. दोन्ही भाऊ त्यांच्या आधी गेले. भाऊबीजेला आत्याबाई अंगणात उभ्या राहून चंद्राला ओवाळायच्या, हे मी लग्न झाल्यापासून पाहत होते आणि त्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

सोमवारी नवरा बिरवाडीच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून सव्वाआठला घरी आला. डोळे लाल, अंगाला रसायनाचा वास. त्याला मी थेट न्हाणीत पाठवलं, तेल-उटणं लावलं आणि पाटावर बसवलं.

"एवढी घाई कसली? पाडवा दिवसभर आहे. उगवतीला लागला की दिवसभर मोजतात," तो म्हणाला. त्यालाही हे माहीत होतं. घरात मी एकटीच अडाणी होते.

"दुपारी मला स्टँडवर जायचंय."

"म्हणजे नवरा उरकून घ्यायचा आणि मग भाऊ?"

"हो."

त्याने ताटात साडी ठेवली. मी ती उलगडून न बघताच कपाटात ठेवली, याचं त्याने मला पुढे कित्येक वर्षं ऐकवलं. तरीही दुपारी पाट त्यानेच डोक्यावर घेतला. झोप बाजूला ठेवून तो माझ्याबरोबर निघाला, आणि आत्याबाई आमच्या आधी निघून फाटकापाशी उभ्या होत्या.

"तुम्ही कशाला, आत्याबाई? ऊन आहे."

"तू येळ चुकवशील. तुझा भरवसा नाय."

पावणेतीनला गाडी आली नाही. तीनला नाही. स्टँडवर ताटं घेऊन चाललेल्या बायका, मिठाईचे पुडे घेतलेले भाऊ, सगळे घाटाकडे डोळे लावून. मी ताट पदराखाली धरून उभी होते. कंट्रोलरने दोनदा विचारलं, बाई कुठे जायचंय. मी दोनदा सांगितलं, कुठेही नाही. तो माझ्याकडे संशयाने पाहू लागला. मला काळजी तिथीची नव्हती, द्वितीया रात्रभर होती. उशीर झालेली गाडी स्टँडवर थांबत नाही, ही काळजी होती. चढणारे चढवायचे, उतरणारे उतरवायचे आणि घंटी.

सव्वातीनला गाडी आली. दारात माणसं लोंबत होती. भाऊ मागच्या दारातून कसाबसा उतरला. टोपी तिरकी, खाकी शर्ट घामाने काळा, खांद्याला कातडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी.

"ताई, वेळ नाही! काका थांबायला तयार नाहीयेत!"

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. पांढऱ्या मिशांचा, पन्नाशीचा माणूस. "काय नाटक लावलंय? अर्धा तास लेट हाय गाडी. तिकडं महाडला माझ्या नावानं बोंब चाललीय. बेल मार!"

गाडीतून कुणीतरी ओरडलं, "अहो, आम्हालाही बहिणी आहेत!"

भाऊ एक पाय पायरीवर, एक खाली. माझ्याकडे बघत होता, आणि त्याचा हात दोरीकडे गेला. मी ताट पदराखालून बाहेर काढलं. 

आत्याबाई ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या. "तुझी भैन कुठं असते रे?"

"चिपळूनला. का?"

"गेलास तिकडं आज?"

"कसा जानार, आजी? तीन वर्सं नाय गेलो. ही गाडी कोन चालवनार?"

"मग खाली ये. मला भाव नाय आनि तुला भैन जवळ नाय. दोन मिन्टं लागतील. तुझी भैन तिकडं वाट बघून चंद्राला ओवाळील, तवर मी तुला ओवाळते."

 त्या माणसाने इंजिन बंद केलं. ते बंद झाल्यावर स्टँडवर एकदम शांतता झाली.

पाट एकच होता. भाऊ पाटावर बसला, ड्रायव्हर कंट्रोलरच्या खोलीसमोरच्या बाकावर. पूर्वेकडे तोंड करा, मी म्हटलं, तेव्हा दोघेही घाटाकडे वळले. वाऱ्याने निरांजन विझलं. नवऱ्याने काडी पेटवली, ती विझली. दुसरी पेटवली आणि गाडीच्या चाकाच्या आडोशाला हात धरून वात लावली. मी भावाला कुंकू लावलं. घामाने ते ओघळून नाकावर आलं. अक्षता टोपीवर पडल्या. सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजनाने ओवाळलं. त्याने तिकिटांच्या पैशांच्या पिशवीला हात न लावता खिशातून घडी केलेला खण काढून ताटात ठेवला. तो आदल्या वर्षीच घेऊन ठेवला होता, हे त्याने तेव्हा सांगितलं नाही, नंतर कधीतरी सांगितलं.

माझ्या हातातलं ताट घेऊन आत्याबाईंनी ड्रायव्हरला ओवाळलं. त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि ताटात काय घालावं म्हणून खिसे चाचपू लागला.

"काय नको. गाडी सावकाश ने, तेवढं बास."

खिडकीतून एक बाई म्हणाली, "आता चला हो, आमचाही भाऊ वाट बघतोय." सगळे हसले. भावाने पाट उचलून नवऱ्याच्या हातात दिला, मी करंज्यांचा पुडा त्याच्या पिशवीत कोंबला. डबल बेल झाली. सगळ्या प्रकाराला सात मिनिटं लागली होती. मी घड्याळ बघितलं होतं.

 संध्याकाळी पश्चिमेला डोंगरावर चंद्राची पुसट कोर दिसली, एका दोऱ्याएवढी. आत्याबाई अंगणात ताट घेऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखं ओवाळलं. मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.  त्यांचं ओवाळून झाल्यावर ताट माझ्या हातात आलं, म्हणून मीही ओवाळलं.

मंगळवारी सकाळी मी सातच्या आधी उठले, गोठा काढला, चूल पेटवली आणि मोड आलेले वाल सोलायला ओटीवर बसले. भावाला रजा होती, ती वाया जाऊ द्यायचं कारण नव्हतं. पाचाडची गाडी महाडला लावून तो पहिल्या मिळेल त्या गाडीने आला. कपाळावरचं कुंकू त्याने अजून पुसलं नव्हतं. निम्मे वाल सोलून झाले होते. उरलेले मी त्याच्यापुढे सरकवले आणि नारळ खोवायला आत गेले.